आठव्या मात्रेवरची पायवाट

नमस्कार. आजचा विषय पत्रिकेत ‘परदेशी पत्रमैत्रिणीला लिहिलेली कविता’ असा छापलाय. ते पत्र मी 1983 साली लिहिलं. पत्रमित्र जुळवून देणारी एक संस्था तेव्हा फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून चालायची. आपण नाव, वय, आवडीनिवडी लिहून फॉर्म पाठवायचा, मग कुठल्या तरी देशातला पत्ता हातात पडायचा. मला पत्ता फिनलंडचाच मिळाला. तिनं तिसऱ्याच पत्रात विचारलं, तुझी आवडती कविता कोणती आणि ती तुझ्या लक्षात का राहिली? मी लिहिली बालकवींची ‘औदुंबर’.

इथे बसलेल्या बहुतेकांना ती पाठ असणार. (सभागृहातून ‘ऐल तटावर पैल तटावर...’) बघा, सुरुवात केली की थांबवत नाही! आठच ओळी आहेत. माझ्याकडे टपाल खात्याचं निळं एरोग्राम होतं. त्यात घडी घालून मावेल तेवढंच लिहायचं, आत वेगळा कागद टाकायचा नाही. त्यामुळे कविता आठ ओळींची आहे हे फार सोयीचं होतं.

पण लिहायला बसले आणि आधी रागच आला. कारण आमच्या वेळच्या एका गाइडात या कवितेचं उत्तर ठरलेलं होतं. झरा म्हणजे जीवन, पायवाट म्हणजे माणसाचा प्रवास, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त संन्यासी. कंसात दत्तगुरू. पाच गुण. त्याच्याखाली बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे होते, हेही असं लिहिलेलं की जणू या डोहात त्यांना तो अपघात आधीच दिसला होता. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. गंभीर अर्थ लावायला माझी ना नाही. मोठमोठ्या समीक्षकांनी तसे लावलेत आणि त्यांतले काही मला मनापासून आवडतात. पण ज्या मुलानं अजून जागाच पाहिली नाही, त्याच्या हातात एकदम मृत्यू द्यायचा? खानदेशात धरणगावला जन्मलेला हा कवी ओढे, मळे, टेकड्या पाहत वाढला. त्यानं जागा दाखवलीय. आधी ती बघू या की.

म्हणून मी पत्रात अर्थ लिहिलाच नाही. फक्त कवितेतल्याच क्रमानं जागा लिहिली. दोन्ही तटांवर हिरवळ आणि मधून बेटाबेटांतून वाहणारा निळासावळा झरा. पलीकडे टेकडीपाशी चार घरांचं गाव. गावापुढे शेतमळ्यांची दाटी. त्यांतून एक पांढरी पायवाट निघते आणि हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे येते. डोहाच्या लाटांवर गोड काळिमा पसरलाय. आणि तिथं पाण्यात पाय सोडून बसलेलं एक झाड. झाड सगळ्यात शेवटी सांगायचं, हे मी ठरवूनच बसले होते. त्याबरोबर उंबराची माहिती दिली. हे झाड ओढ्याकाठी आवडीनं वाढतं, फळं खोडालाच घोसांनी लगडतात, सावली दाट पडते आणि आमच्याकडे ते दत्ताचं झाड म्हणून पूजलं जातं. बस.

तिनं उत्तरात पेन्सिलीनं काढलेलं चित्र पाठवलं! ते चित्र मी पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना दाखवत आले. टेकडी कागदाच्या वरच्या कडेला, घरं अगदी बारीक, वाट नागमोडी, आणि खाली, जिथं पाहणारा उभा आहे त्याच्या बाजूला, झाड सगळ्यात मोठं. सोबत दोन प्रश्न होते. पहिला, वाट गावातून निघून इकडे येते, मग वाटेवर माणूस का नाही? दुसरा मला जास्त आवडला. तिच्याकडची पुष्कळ तळी काळपट असतात, दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याचा रंग पाण्यात उतरतो म्हणून. तुमचा डोह कशानं काळा?

या दुसऱ्या प्रश्नानं मला कविता नव्यानं वाचायला लावली. सहाव्या ओळीत डोह नुसताच ‘काळा’ आहे, कारण दिलेलं नाही. सातव्या ओळीत पाणी झाकळतं, काळिमा पसरतो. म्हणजे तो कुणाच्या तरी सावलीचा आहे, एवढं कळतं. ते कुणीतरी पाय टाकून बसलंय हे आठव्या ओळीत कळतं, आणि त्याचं नाव अगदी शेवटचा शब्द. आधी रंग, मग सावली, मग झाड. आपण प्रत्यक्षात दुरून येतो तेव्हा असंच दिसत जातं. डोह काळा का, याचं उत्तर कवितेतच होतं, फक्त ते दोन ओळी उशिरा मिळतं. वाटेवर माणूस नाही, कारण त्या वाटेनं आपली नजरच चालत येते. हे मी तिला लिहिलं. शेवटून दुसऱ्या शब्दावर, ‘असला’वर, आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय, तिकडे मी आज जात नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि ‘लक्षात का राहिली’ हा मूळ प्रश्न तर अजून शिल्लक आहे! भराभर सांगते.

प्रत्येक ओळ सोळा आणि अकरा मात्रांची, ओळीचं शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी दीर्घ धरायचं. सोळांत मध्ये, आठव्या मात्रेवर, शब्द संपतो आणि जीभ क्षणभर टेकते. ऐल तटावर, थांबा. निळासांवळा, थांबा. चार घरांचे, शेतमळ्यांची, सगळीकडे तेच. आता पायवाटेच्या दोन ओळी म्हणा:

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे

आठवी मात्रा कुठे पडली? पहिल्या ओळीत ‘पांढरी’तल्या ‘पां’वर. दुसरीत ‘कुरणां’वर, पुढे ‘मधुन’ जोडलेलंच आहे. टेकायला जागाच नाही. आठ ओळींत फक्त इथेच, वाट चालू असतानाच, हा विसावा मोडलाय. डोह आल्यावर ‘झांकळुनी जळ’, ‘पाय टाकुनी’ असा तो परत येतो. बालकवींनी मोजून केलं असेल असा माझा दावा नाही. कानाला ते बरोबर लागलं असणार. म्हणणाऱ्याच्या जिभेला मात्र ती वाट चालावीच लागते.

यमकही बघा. मधल्या चारही ओळी एकाच वळणावर संपतात. कडे, पुढे, पडे, कडे. वाट ‘टेकडीकडे’ सुरू होऊन ‘डोहाकडे’ पोचते आणि दोन्ही टोकांना तेच ‘कडे’. त्यामुळे मधली ओळ विसरली तरी पुढची तिला ओढून आणते.

एक धोका सांगते. गद्याच्या सवयीनं ‘मधून’ असं दीर्घ म्हटलं की सतराव्या मात्रेनं ओळ लंगडते. पाठ म्हणताना कुठे अडखळलात तर आधी असे ऱ्हस्व-दीर्घ तपासा, दहातल्या नऊ वेळा तिथेच घोटाळा असतो.

हे मात्रांचं सगळं मी तिला पुढच्या एरोग्राममध्ये रेघा मारून पाठवलं, टाळी कुठे पडते ते फुल्यांनी दाखवून. तिनं त्या फुल्यांवर टेबलावर बोटं वाजवली आणि लिहिलं की दोन ओळींत बोट शब्दाच्या मधोमध पडतंय, तू चूक केलीस का? नाही, तेच तर तुला दाखवायचं होतं, असं मी कळवलं.

आठही ओळी मागे फळ्यावर लिहून ठेवल्यात, खडूही आहे. ज्यांना मात्रा मोजून बघायच्यात त्यांनी चहाआधी पुढे या.