मणक्याच्या दुखापतीनंतर कंपनीला द्यायचे डॉक्टरांचे पत्र : ‘हलके काम द्यावे’ एवढ्याने का भागत नाही?

नमस्कार. मी जळगावात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. ‘पाठीचे हाड मोडले होते, आता कामावर जायचे आहे, कंपनी डॉक्टरांचे पत्र मागते, त्यात काय लिहून घ्यायचे?’ हा प्रश्न गेले काही महिने जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली विचारला जात आहे, म्हणून आज केवळ त्या एका पत्राविषयी बोलतो.

प्राथमिक गोष्टी चटकन सांगतो. पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर तारीख, सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असावा. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत व नोंद ठेवावी लागते, त्यामुळे मूळ कागद हरवल्यास घाबरू नये. हे पत्र म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट नव्हे आणि अपंगत्वाचा दाखलाही नव्हे. ठरावीक काळासाठी कामात कोणते बदल करावेत, याची ती शिफारस असते.

आता ज्यावर मला खरोखर बोलायचे आहे, तिकडे येतो. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ चिठ्ठ्यांवर एकच ओळ असते : ‘रुग्णास हलके काम द्यावे.’ या ओळीचा मला मनस्वी राग आहे. धरणगावकडच्या एका प्रेक्षकाने मागच्या व्हिडिओखाली अहिराणीत विचारले होते, ‘डॉक्टरसाहेब, हलकं काम म्हनजे काय शे?’ त्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेही नसते.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत. डाळ मिलमध्ये पॅकिंगवर काम करणारा चौतिशीतला तरुण ट्रकवरून पोती उतरवताना खाली पडला. कंबरेच्या पहिल्या मणक्याचा, म्हणजे एल-वनचा, पुढचा भाग दबला. मज्जारज्जूला इजा नव्हती, पायांत ताकद पूर्ण होती, त्यामुळे शस्त्रक्रिया न करता त्याला बारा आठवडे पट्टा दिला. मार्च ते मे या काळात, जळगावच्या उन्हात, बनियनवर तो कडक पट्टा बांधून बसणे म्हणजे काय, हे त्याच्या कुशीवरच्या घामोळ्यांकडे पाहून कळत होते. जूनच्या आरंभी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले आणि त्याला कामावर जायची घाई झाली.

त्याच्या सुपरवायझरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मिलमध्ये पन्नास किलोची पोती हलवली जातात. तिथे तीस किलोचे पोते हे हलकेच काम ठरते. सुपरवायझर दुष्ट नसतो, त्याच्या हातातल्या कागदावर आकडा नसतो एवढेच.

आता मणक्याच्या बाजूने पाहा. या दुखापतीत मणक्याचा पुढचा भाग दबलेला असतो आणि माणूस पुढे वाकला की भार नेमका त्याच भागावर येतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच सेंटीमीटर मागून ओढतात. पाच किलोचा डबा हात लांब करून पन्नास सेंटीमीटरवर धरला, तर तो तोलण्यासाठी त्या स्नायूंना जवळपास पन्नास किलोचा जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यावर पडतो. तोच डबा पोटाशी धरला तर हा जोर कितीतरी कमी होतो. म्हणून पत्रात किलो लिहून भागत नाही, वजन कुठून उचलायचे आणि कुठे धरायचे हेही लिहावे लागते.

तिसरी बाजू कामगाराची. हलके काम म्हणून पुष्कळदा त्याला गेटवर खुर्चीत बसवले जाते. आठ तास एका जागी, पाठ वाकवून बसल्यावर संध्याकाळी कंबर धरते, मग तो म्हणतो की मला हलके कामही झेपत नाही, आणि मालक म्हणतो की हा बहाणे करतो. प्रत्यक्षात दोघांनाही कोणी बसण्याची मर्यादा सांगितलेली नसते.

(पत्राचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून) आम्ही त्याला दिलेल्या पत्राचा गाभा वाचून दाखवतो.

‘सदर कर्मचारी पाठीच्या कण्याच्या दुखापतीतून बरे होत असून 2 जून ते 29 जून या कालावधीत पुढील मर्यादांसह काम करू शकतात. पहिले दोन आठवडे रोज चार तास व नंतरचे दोन आठवडे सहा तास काम द्यावे, ओव्हरटाइम व रात्रपाळी देऊ नये. कंबर ते छाती या उंचीदरम्यान, शरीराजवळ धरून, पाच किलोपर्यंत वजन उचलता येईल, मात्र जमिनीवरून काहीही उचलण्यास सांगू नये. पुढे वाकणे, वजन हातात असताना कंबरेतून वळणे, शिडीवर अथवा पोत्यांच्या थप्पीवर चढणे आणि फोर्कलिफ्ट वा ट्रॅक्टर चालवणे टाळावे. सलग तीस मिनिटांहून अधिक बसवू किंवा उभे ठेवू नये, त्यानंतर पाच मिनिटे चालण्याची मुभा द्यावी. 27 जून रोजी फेरतपासणी करून पुढील शिफारस कळवण्यात येईल.’

हे आकडे या रुग्णाचे आहेत, ते तुमच्या पत्रात जसेच्या तसे उतरवू नका. ज्याच्या मणक्यात स्क्रू बसवले आहेत किंवा ज्याची नस दबली आहे, त्याच्या मर्यादा त्याचे डॉक्टर तपासून ठरवतील.

या पत्रात ‘यांना अमुक टेबलावर बसवा’ असे कुठेही नाही, याकडे लक्ष द्या. डॉक्टरने मर्यादा सांगाव्यात, काम कोणते द्यायचे ते व्यवस्थापनाने ठरवावे, कारण मिलमध्ये कोणत्या जागा आहेत हे मला ठाऊक नसते. या तरुणाला त्यांनी कंबरेच्या उंचीच्या टेबलावर लहान पाकिटांचे वजन तपासून रजिस्टरमध्ये नोंदवण्याचे काम दिले, जे मला सुचलेही नसते.

पत्रात एमआरआयचा अहवाल किंवा जुन्या आजारांची जंत्री नाही, हेही पाहा. ‘कंपनी पूर्ण फाइल मागते’ अशी तक्रार बऱ्याच जणांनी लिहिली आहे. मर्यादा पाळण्यासाठी कंपनीला त्या फाइलची गरज नसते, आणि रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरांनी ती देऊही नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल, तर रजा आणि फिट ठरवण्याचे प्रमाणपत्र त्यांच्याच डॉक्टरांकडून घ्यावे लागते. तिथे हे पत्र पूरक कागद म्हणूनच चालेल.

घर ते कंपनी हा प्रवास पत्रात बहुतेक कोणी लिहीत नाही. एरंडोलहून औद्योगिक वसाहतीपर्यंत मोटारसायकलवर खड्डे खात येणाऱ्या माणसाला कारखान्यात वाकू नका म्हणण्यात काय अर्थ आहे? आम्ही त्यासाठी वेगळी ओळ घातली की चार आठवडे त्याने एसटीने यावे आणि बसच्या वेळेप्रमाणे अर्धा तास उशीर चालवून घ्यावा.

पायांत नव्याने अशक्तपणा आला, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरता आली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. हे सुपरवायझरलाही माहीत असावे, म्हणून पत्राच्या शेवटी आम्ही ते लिहिले.

27 जूनच्या तपासणीत त्याला वाकताना दुखत नव्हते, नव्या एक्स-रेमध्ये मणका आणखी दबलेला नव्हता, म्हणून दुसऱ्या पत्रात वजनाची मर्यादा दहा किलो केली आणि कामाचे तास पूर्ण केले. थप्पीवर चढण्याची मनाई मात्र कायम ठेवली. पत्र देताना दोन प्रती न्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेली मर्यादा पाळी बदलली की नव्या सुपरवायझरपर्यंत पोहोचत नाही.