जोडण्या तीन, प्रेक्षक एक

रावेर परिसरातील एका केळी परिसंवादाचे थेट प्रक्षेपण आमच्याकडे होते. त्या वेळी पडद्यावरचा ‘सध्या पाहणारे’ हा आकडा चुकला आणि तो मोजणारी व्यवस्था मीच लिहिली होती, म्हणून आज त्या एकाच चुकीविषयी सविस्तर बोलतो.

एका शेतकरी दादांनी घरी टीव्हीवर कार्यक्रम लावला होता आणि तोच मोबाइलवर ऐकत ते बागेकडे निघाले. वाटेत घराचे वायफाय सुटून मोबाइल डेटा लागला, तेव्हा ॲपने नवी जोडणी उघडली. जुनी जोडणी मात्र रीतसर बंद झालीच नव्हती, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ती काही काळ जिवंत राहिली. दादा एकटेच, पण आमच्या हिशेबात तिघे.

मग आम्ही जोडण्यांऐवजी खाते क्रमांकांचा संच ठेवला आणि जोडणी तुटली की तो क्रमांक काढू लागलो. त्यामुळे उलटीच चूक झाली: दादांनी मोबाइल बंद करताच, घरचा टीव्ही चालू असतानाही, ते यादीतून गेले. प्रत्येक खात्याच्या जोडण्या मोजून ठेवल्या तरी भागत नाही, कारण सर्व्हर मध्येच कोसळला तर वजाबाकी व्हायची राहून जाते.

अखेर आम्ही येण्याजाण्याची नोंद सोडून दिली. प्रत्येक उपकरण दर 30 सेकंदांनी ‘मी आहे’ असा संदेश पाठवते आणि आम्ही खाते क्रमांकासमोर फक्त शेवटची वेळ लिहितो. ही वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असावी, कारण मोबाइलची घड्याळे पुढेमागे असतात. रेडिस या डेटाबेसमध्ये हे असे दिसते:

```
ZADD live:42 1718000000 user:17
ZREMRANGEBYSCORE live:42 -inf 1717999925
ZCARD live:42
```

पहिली ओळ वेळ लिहिते, दुसरी 75 सेकंद किंवा त्याहून जुन्या नोंदी पुसते आणि तिसरी उरलेली खाती मोजते. मोबाइल गप्प झाला तरी टीव्हीचा संदेश तीच नोंद ताजी ठेवतो. 75 सेकंद अशासाठी की एखादा संदेश हुकला तरी माणूस गळू नये. शेतशिवारात रेंज जातयेत असते, तिथे मुदत आखडली तर आकडा सारखा वरखाली होतो. बदल्यात, गेलेला प्रेक्षक जास्तीत जास्त सव्वा मिनिट मोजला जातो, आणि हे मला मान्य आहे.

पडताळणी सोपी आहे. एकच खाते दोन उपकरणांवर उघडावे. आकडा 1 राहिला पाहिजे. मग एक उपकरण नेहमीसारखे बंद न करता विमान मोडवर टाकावे, तरीही 1 राहिला पाहिजे.

लॉगिन न करणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये साठवलेला क्रमांक वापरावा लागतो, तेव्हा दोन उपकरणे दोनच मोजली जातात. आयपी पत्त्यावरून माणूस ओळखू नये, कारण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. आणि ओसरीवर एका टीव्हीसमोर पाच जण बसले असतील, तर आमच्याकडे ते एकच खाते असते. म्हणून पडद्यावरचे शब्द बदलून आम्ही आता ‘सध्या पाहणारी खाती’ असे लिहितो.