नव्वद डब्यांची किंमत किती? मालाच्या खात्याची तपासणी

(व्यापारी आणि हिशेबनीस यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर मी एकाच मालाचं एका महिन्याचं खातं लिहिलंय. माल आहे सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा. आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, म्हणजे मोबाईल बाहेर काढायची वेळ येणार नाही.

१ मार्चला शिल्लक १०० डबे, दर १,८०० रुपये. ६ मार्चला २०० डबे आले, १,८९० रुपयांनी. १२ मार्चला २२० डबे विकले. १८ मार्चला आणखी १६० डबे आले आणि तोवर भाव १,९८० वर गेला होता. २७ मार्चला १५० डबे गेले. ३१ मार्चला गोडाऊनमध्ये मोजले तर ९० डबे. खात्यातही ९०च.

पहिलं काम इथेच संपलं. नग जुळल्याशिवाय रुपयांकडे बघायचं नाही. गोडाऊनमध्ये ८८ डबे निघाले असते, तर आधी ते दोन डबे गळले, फुटले की बिलाशिवाय गेले, हे शोधायचं. चुकीच्या नगाला कितीही बरोबर दराने गुणलं तरी उत्तर चुकणारच.

आता रुपये. महिन्याभरात खात्यात आलेला सगळा माल ४६० डबे, किंमत ८ लाख ७४ हजार ८०० रुपये. त्यातला काही भाग विकलेल्या मालाच्या खर्चात जाणार, उरलेला शिल्लक म्हणून ताळेबंदात बसणार. हा वाटा कसा पाडायचा, एवढाच फिफो आणि भारित सरासरी यांच्यातला वाद आहे.

फिफो म्हणजे आधी आलेला आधी गेला. दुकानातला पोरगा डबा पुढच्या रांगेतून काढतो की मागच्या, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपण फक्त खर्च कुठल्या क्रमाने सोडायचा ते ठरवतो. म्हणजे १२ तारखेच्या विक्रीला आधी १,८००चे शंभर जातील, मग १,८९०चे एकशेवीस. २७ तारखेला १,८९०चे उरलेले ऐंशी आणि १,९८०चे सत्तर. उरले ९०, सगळे १,९८०चे. शिल्लक १ लाख ७८ हजार २००.

पण तपासणाऱ्याने हे सगळं पुन्हा करत बसायची गरज नाही. फिफोची शिल्लक तपासायची असेल तर खातं उलटीकडून वाचायचं. ३१ मार्चपासून मागे जात खरेदीची बिलं काढायची आणि शिल्लक नग पुरे होईपर्यंत धरत जायची. आपल्याकडे पहिलंच बिल १६० डब्यांचं निघालं, आपल्याला हवे होते ९०. एका बिलात काम झालं. विक्रीच्या एकाही ओळीला हात लावला नाही. दोनशे डबे शिल्लक असते तर १६० या बिलातले आणि ४० त्याआधीच्या बिलातले धरले असते, बस.

बिल हातात आलंच आहे तर एक गोष्ट बघून घ्या. १,९८० मध्ये काय काय धरलंय? गाडीभाडं आणि माल आणण्याची हमाली खरेदीच्या किमतीत यायला हवी, व्यापारी सूट वजा व्हायला हवी आणि ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तो किमतीत नको. बऱ्याच दुकानांत भाडं वेगळ्या खात्याला टाकून मोकळे होतात. मग फिफो घ्या की सरासरी, दोन्हीकडे शिल्लक कमीच दिसणार.

सरासरीकडे वळू. इथे एक गंमत आहे. ‘आम्ही सरासरीने धरतो’ असं सांगणारे तीन जण तीन वेगळे आकडे देतात.

पहिला सांगतो १,८९०. हा दर कुठून आला? १,८००, १,८९० आणि १,९८० यांची बेरीज करून तीनने भागलं. ही दरांची सरासरी झाली, मालाची नाही. शंभर डब्यांच्या दराला आणि दोनशे डब्यांच्या दराला सारखंच वजन मिळालं. हे सरळ चूक. दर असा गोल आणि देखणा निघाला की मला आधी हाच संशय येतो.

दुसरा महिन्याच्या शेवटी एकदाच हिशेब करतो. ८,७४,८०० भागिले ४६०. दर येतो १,९०१ रुपये ७४ पैसे आणि नव्वद डब्यांचे साधारण १ लाख ७१ हजार १५७. ही भारित सरासरीच आहे, ठरावीक काळाने काढलेली.

तिसरा दर खरेदीला सरासरी नव्याने काढतो, म्हणजे चालती सरासरी. ६ तारखेनंतर ३०० डबे, किंमत ५,५८,०००, दर १,८६०. १२ तारखेला या दराने २२० गेले, ८० उरले, त्यांचे १,४८,८००. त्यात १८ तारखेचे ३,१६,८०० मिळवा. २४० डबे, ४,६५,६००, दर १,९४०. २७ तारखेची विक्री याच दराने. शिल्लक नव्वद डबे, १ लाख ७४ हजार ६००.

दुसरा आणि तिसरा, दोघंही चालतात. मात्र एक धरली की तीच चालवायची. आणि वहीत नुसतं ‘सरासरी’ लिहू नये, कुठली ते लिहावं. त्या एका शब्दापायी वर्षानंतर दोन हिशेबनीस भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

चालत्या सरासरीला फिफोसारखी उलटी वाट नाही. ती तपासायची तर पहिल्या ओळीपासून चालत यावं लागतं. हजार मालांची खाती असतील तर ते कोण करणार? म्हणून मी आधी दोन खुणा बघतो. पहिली खूण अशी की विक्रीच्या ओळीवर सरासरी दर हलता कामा नये. विकून नग कमी होतात, दर तोच राहतो. तो बदलला असेल तर त्या ओळीत काहीतरी शिरलंय. दुसरी खूण म्हणजे सरासरी दर सुरुवातीची शिल्लक धरून सगळ्या दरांच्या आत असला पाहिजे. आपल्या खात्यात १,८०० च्या खाली किंवा १,९८० च्या वर सरासरी जाऊच शकत नाही. दुधात पाणी किंवा पाण्यात दूध, कसंही मिसळा, मिश्रण दुधापेक्षा दाट होत नाही.

पण एकदा ते झालेलं मी पाहिलंय. माल वेगळा होता, दुकानाचं नाव सांगत नाही, आकडे फळ्यावरचेच घेऊ. ६ तारखेला गाडी आली, डबे उतरले, बिल मात्र ड्रायव्हरच्या खिशात राहिलं. ते ऑफिसात १३ तारखेला पोचलं आणि मुलाने १३ तारीखच टाकली. १२ तारखेला विक्री झालेली होती. खात्यात तेव्हा १०० डबे, विकले २२०. सॉफ्टवेअरमध्ये उणे साठा चालू ठेवला होता, त्यामुळे कुणी अडवलं नाही. २२० डबे १,८०० ने गेले, खात्यात उरले उणे १२० डबे आणि उणे २,१६,०००.

१३ तारखेला २०० डबे आले, ३,७८,०००. आता ८० डबे आणि १,६२,०००. दर? २,०२५! ज्या दुकानाने १,९८० च्या वर कधी खरेदीच केली नाही, तिथे सरासरी २,०२५. १८ तारखेच्या मालाने ती थोडी उतरून १,९९५ झाली आणि ३१ मार्चची शिल्लक १ लाख ७९ हजार ५५०. बरोबर आकड्यापेक्षा ४,९५० जास्त, फिफोपेक्षाही जास्त. भाव चढत असताना सरासरीची शिल्लक फिफोच्या वर आली, तर तिथेच थांबायचं.

आणि वाईट भाग पुढे आहे. विकलेल्या मालाचा खर्च आणि शिल्लक यांची बेरीज करून बघा. ६,९५,२५० अधिक १,७९,५५०, बरोबर ८,७४,८००. बेरीज जुळली. ट्रायल बॅलन्स जुळला. नगही जुळले, नव्वदच. बेरीज जुळते कारण एकीकडून काढलेला रुपया दुसरीकडे ठेवलाय. तो योग्य ठिकाणी ठेवला का, हे बेरीज सांगत नाही. त्या मुलाला हे पटवायला मला अर्धा तास लागला, तो सारखा बेरीजच दाखवत होता.

याच खात्यात फिफोने शिल्लक काढली तर १,७८,२००च येते. शेवटचं बिल तेच आहे, मधल्या बिलाची तारीख सरकल्याने काही बिघडत नाही. म्हणून सरासरी चालवणाऱ्यांनी उणे साठ्याचा रिपोर्ट आधी काढावा. मार्चअखेर उणे नसलं तरी वर्षात एखाद्या दिवशी जरी उणे झालं असेल, तर ते माल वेगळे काढून बिलाची तारीख माल उतरल्याच्या तारखेला न्यायची आणि पुन्हा हिशेब चालवायचा.

नियमाचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडचं लेखा मानक २ अशा एकसारख्या मालाला फिफो किंवा भारित सरासरी चालवू देतं. शेवटी आलेला आधी गेला, ही लिफो पद्धत त्यात नाही. दुसरं, खर्च आणि माल विकून खर्च जाता हाती येणारी रक्कम, यांत जे कमी ते धरायचं. समजा मार्चअखेर तेल उतरलं आणि डब्यामागे १,९५०च हाती येणार. फिफोचे १,९८० आता १,९५० वर आणावे लागतील, शिल्लक १,७५,५००. सरासरीचे १,९४० आधीच खाली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. दोघांमधलं ३,६०० चं अंतर ९०० वर आलं. आणि यंदा नफा कमी दिसावा म्हणून पद्धत बदलायची, असं मनात असेल तर आयकराची मानकं वाजवी कारण मागतात. शिवाय यंदाची शिल्लक पुढच्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक असते, म्हणजे यंदा लपवलेला नफा पुढच्या वर्षी दारात उभा.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय की विक्रीवर दर हलत नाही म्हणता, पण आमच्याकडे माल परत पाठवला की दर हलतो, ती चूक का? नाही ताई, ती चूक नाही. चांगलं धरलंत. १८ तारखेच्या मालातले दहा डबे पिचके निघाले आणि ३१ ला परत पाठवले, असं धरू. पुरवठादार पैसे देणार १,९८० ने, तुमच्या सरासरीने नाही. म्हणून १,७४,६०० मधून १९,८०० वजा, उरले ८० डबे आणि १,५४,८००. दर १,९३५. पाच रुपयांनी उतरला, आणि तो उतरायलाच हवा, कारण महागाचा माल मिश्रणातून बाहेर गेला. फिफोत ते दहा डबे त्यांच्याच थरातून निघतात, दर १,९८०च राहतो. खटकायला हवं ते उलटं. परतीच्या ओळीवर दर अजिबात हलला नसेल, तर मुलाने परत पाठवलेला माल विक्रीसारखा १,९४० ने सोडलाय. डब्यामागे चाळीस, दहा डब्यांचे चारशे रुपये. तेवढे शिल्लकीत जास्त दिसत असतील.