दोन इंद्रधनुष्यं आणि मधला काळसर पट्टा

दोन इंद्रधनुष्यांच्या या फोटोत आधी खाली बघा. गवतावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली आहे. डोक्याची सावली जिथे आहे, तिथेच दोन्ही कमानींचं केंद्र आहे, कारण सूर्य नेमका पाठीमागे आहे. त्या बिंदूपासून आतल्या कमानीचा तांबडा साधारण ४२ अंशांवर दिसतो आणि बाहेरच्या कमानीचा तांबडा सुमारे ५०. सूर्य क्षितिजापासून १२ अंश वर असेल, तर आतल्या कमानीचा माथा ३० अंश उंचीवर येतो.

आता रंग बघा. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ आतल्या कमानीत बाहेरून आत वाचलं की जुळतं. बाहेरच्या कमानीत मात्र ते आतून बाहेर वाचावं लागतं. म्हणून दोन्ही तांबडे एकमेकांसमोर येतात.

हे असं का होतं, ते एका थेंबात पाहू. प्रकाश थेंबात शिरताना वळतो, आतल्या पाठीवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. सगळं मिळून तांबडा किरण आपल्या मूळ दिशेपासून सुमारे १३८ अंश वळतो. जांभळा किरण पाण्यात जास्त वळतो, त्यामुळे त्याचं वळण सुमारे १३९ अंशांचं होतं. पूर्ण माघारी फिरायला १८० अंश लागतात. जांभळा त्याच्या अधिक जवळ पोहोचतो, म्हणून तो केंद्राजवळ, म्हणजे आतल्या कडेला दिसतो.

बाहेरच्या कमानीचा प्रकाश थेंबात दोनदा आपटतो. तांबड्याचं वळण २३० अंश होतं, जांभळ्याचं जवळजवळ २३४. म्हणजे दोघेही १८० ओलांडून पुढे गेले. जांभळा इथेही तांबड्यापेक्षा जास्तच वळला आहे, पण आता जास्त वळणं म्हणजे केंद्रापासून दूर जाणं. क्रम उलटतो तो एवढ्यामुळे. दुसरी कमान म्हणजे पहिलीचं आरशातलं प्रतिबिंब, हा समज चुकीचा आहे.

दोन कमानींमधलं आकाश काळपट दिसतं, तेही खरं आहे. एकदा आपटलेला प्रकाश ४२ अंशांच्या आतच येतो, दोनदा आपटलेला ५० अंशांच्या बाहेरच. मधल्या जागेतले थेंब या दोन्ही वाटांनी आपल्याकडे काहीच पाठवत नाहीत. याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात.

बाहेरची कमान फिकी असते, कारण प्रत्येक आपटण्यात थोडा प्रकाश थेंबाबाहेर निसटतो आणि उरलेला जास्त रुंद पसरतो. त्यात लेन्सवर पोलरायझर फिल्टर असेल तर तो सावकाश फिरवून बघा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात. हा फिल्टर ठरावीक दिशेच्याच लहरी सोडतो, त्यामुळे चुकीच्या कोनात कमानीचा तुकडाच पुसला जातो. दोन्ही टोकांसह बाहेरची कमान एका चौकटीत हवी असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १४ मिमीची लेन्स लागते.

एखाद्या फोटोत दोन्ही कमानींत तांबडा बाहेरच्याच कडेला असेल, तर दुसरी कमान बहुधा संगणकावर चिकटवलेली आहे.