अंगठा दाखवला म्हणजे ऑर्डर ठरली का?

मंडळी, लातूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांची सगळी बोलणी आज व्हॉट्सॲपवर चालतात. ती बंद करा, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक तिथंच आहे. पण बोलणी पक्की व्हायला लागली की ती ईमेलवर कशी न्यायची, एवढंच आज नीट सांगतो.

एक उदाहरण धरू. डाळमिलवाल्यानं तुमच्याकडं एलिव्हेटर सांगितला: २४ फूट उंच, ३ एचपीची मोटर, १,८५,००० रुपये, जीएसटी वेगळा. हातानं काढलेल्या नकाशाचा फोटो आला, ६०,००० ॲडव्हान्स आला. आठवड्यानं व्हॉइस नोट आली, "दादा, शेडची उंची वाढली, २८ फूट करा, मोटर पाचची टाका." तुम्ही लिहिलं, "२२ हजार वाढतील." तिकडून नुसता अंगठा आला. आता हा अंगठा २२ हजारांना आहे, का "बघून सांगतो" म्हणून आहे? माल उभा राहिल्यावर भांडण इथंच होतं. शिवाय व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, दोनेक दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि गायब होणारे मेसेज चालू असतील तर २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत संभाषणच उरत नाही.

म्हणून उंची बदलली त्याच दिवशी, लोखंड कापायच्या आधी, ईमेल करायचा. पण एकदम नाही. अचानक ईमेल गेला की समोरच्याला वाटतं, हा कोर्टाची तयारी करतोय. आधी व्हॉट्सॲपवरच लिहा: "शेठ, उंची बदलली आहे, चूक होऊ नये म्हणून सगळं एकत्र ईमेलवर टाकतो. कोणत्या पत्त्यावर टाकू? हिशेब बघणाऱ्यांनाही टाकू का?" पत्ता त्याच्याकडूनच घ्या. जुन्या बिलावरचा पत्ता बऱ्याचदा कुणी उघडतच नाही.

मग ईमेल. विषयात फक्त "ऑर्डर १७ – एलिव्हेटर" एवढंच लिहा, आणि पुढं तो बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की उत्तर वेगळ्या साखळीत जातं आणि नंतर सापडत नाही. आत साध्या मराठीत असं लिहा:

"आपलं ३ जूनपासून व्हॉट्सॲपवर बोलणं झालं, त्यात ठरलेलं असं. उंची आधी २४ फूट होती, १० जूनच्या आपल्या व्हॉइस नोटप्रमाणे आता २८ फूट. मोटर ३ ऐवजी ५ एचपी. किंमत १,८५,००० अधिक २२,००० मिळून २,०७,०००, जीएसटी वेगळा. ॲडव्हान्स ६०,००० मिळाला, बाकी १,४७,००० आणि जीएसटी. अजून ठरलं नाही: फाउंडेशन कोण करणार. नकाशा जोडला आहे. यात काही चुकलं असेल तर कळवा, बरोबर असेल तर 'मान्य' एवढं उत्तर द्या. उत्तर आल्यावर कटिंग सुरू करतो."

यातली "अजून ठरलं नाही" ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. न ठरलेलं ठरलं म्हणून लिहिलं की सगळ्या ईमेलवरचाच विश्वास जातो. व्हॉइस नोटमधली वाक्यं तारखेसकट शब्दांत उतरवा, कारण आवाजात शोधता येत नाही. स्क्रीनशॉटवर भागवू नका, त्यात आधीचं आणि नंतरचं बोलणं कापलं जातं. नकाशाचा मूळ फोटो मागवून घ्या आणि तो डॉक्युमेंट म्हणून मागा. साध्या फोटोसारखा आला की तो दाबला जातो आणि मापं पुसट होतात.

उत्तर आलं नाही तर? गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरू नका. फोन करा. शेठ ईमेल बघतच नसतील तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर एका मेसेजात टाकून "मान्य" लिहून घ्या, आणि ते उत्तर ईमेलच्या त्याच साखळीत तारखेसह नोंदवा. नंतर फोनवर काही बदललं तरी त्याच ईमेलला उत्तर देऊन दोन ओळी टाका.

व्हॉट्सॲपची मूळ चॅटही ठेवा. चॅटमध्ये एक्स्पोर्टचा पर्याय आहे, त्यातून संभाषणाची फाइल निघते. ती स्वतःला ईमेल करा, पण फोनमधलं मूळ पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

माल पोहोचला त्या दिवशीही त्याच साखळीत एक ओळ टाका: "एलिव्हेटर आज मिलवर उतरवला." तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी यायला हवी. तशी हरकत आली नाही तर डिलिव्हरीचा दिवस हाच माल स्वीकारल्याचा दिवस धरतात. पैशांची मुदतही तिथूनच मोजतात: लेखी ठरलं असेल तर ठरलेली, पण ४५ दिवसांच्या आत, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. हे सगळे दिवस डिलिव्हरीच्या तारखेवरून मोजायचे असतात, म्हणून ती तारीख ईमेलमध्ये लिहिलेली हवी.