पान सुटल्यानंतरचे साडेपाच तास

मंडळी, विषय रात्रपाळीच्या रचनेचा आहे. पण आधी एका नावाची गोष्ट सांगतो, ती माझ्या मनातून जात नाही.

आमच्या दैनिकाची कोकणात जाणारी डाक आवृत्ती रात्री साडेआठला सुटायची, शहर आवृत्ती साडेबाराला. त्या रात्री उपनगरात इमारत कोसळली. डाकेत आम्ही चार मृत दिले, नावांसकट. बाराच्या सुमारास वार्ताहराचा फोन आला. यादीतला तिसरा माणूस जिवंत होता, रुग्णालयात होता. आणखी तीन मृतदेह मिळाले होते, म्हणजे आकडा सहा. पान लागलेलं होतं. छपाई नवी मुंबईत. प्लेटला उशीर झाला तर गाडी उशिरा सुटते आणि पहाटे दादरला विक्रेते अंक लावायला बसतात तेव्हा आपला गठ्ठा पोहोचलेला नसतो. मी थेट पानावरच ते नाव काढलं, आकडा बदलला, पान सोडलं आणि शेवटची कर्जत गाठायला धावलो.

सिस्टीममधल्या मूळ कॉपीत ते नाव तसंच राहिलं.

सकाळी सहाला वेबसाइटच्या पाळीवर आलेल्या मुलीने तीच कॉपी उचलली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी घरी झोपलो होतो. अंकात तो माणूस जिवंत, वेबसाइटवर मृत. साडेसातला त्याच्या भावाचा फोन आला. तो चिडला नाही. “दादा आत्ताच चहा प्यायले,” एवढंच म्हणाला. त्या मुलीने मला तो फोन जसाच्या तसा सांगितला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाचच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो. पान सुटल्यावरची दहा मिनिटं पाळीतच धरा. त्या वेळात सुटलेल्या पानाची पीडीएफ आणि मूळ कॉपी शेजारी ठेवून आकडे व नावं ताडून पाहायची. पानावर केलेला बदल कॉपीत आपोआप जात नाही, तो हाताने करावा लागतो. मग सकाळसाठी चिठ्ठी: कोणती बातमी किती वाजेपर्यंतची, काय बदललं, कशाची पुष्टी बाकी, कुणाला फोन करायचा.

ही चिठ्ठी चूक नसतानाही लागते. २३ नोव्हेंबर २०१९ आठवा. आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी उद्धव ठाकरेंच्या नावावर सहमती असल्याचं सांगितलं होतं, अंकांत तेच होतं आणि पानं सुटली तेव्हा ते खरंच होतं. पहाटे ५.४७ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास राजभवनात फडणवीसांचा शपथविधी झाला. अशा सकाळी चिठ्ठीत ‘शुक्रवार संध्याकाळपर्यंतची माहिती, शपथविधीची तारीख ठरलेली नाही’ एवढं असलं, तरी सहाला येणारा माणूस रात्रीचा मथळा पुढे ढकलण्याआधी राजभवनाला फोन लावतो.

आणि रात्रीच्या माणसाचा फोन निदान सात वाजेपर्यंत चालू हवा. त्याबदल्यात त्याला दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा येऊ द्या.