खापर, जाळ आणि आई-नाना

[दृश्य: 1989, लग्नाची व्हीएचएस कॅसेट. चित्र मध्येच हलतं, खालच्या बाजूला पांढऱ्या रेघा.]

आई, नाना, ही तुमच्या लग्नाची कॅसेट. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून होती. फितीच्या कडेला बुरशीची पांढरी भुकटी धरली होती. धुळ्याच्या दुकानदाराने आधी फीत साफ केली, मगच यंत्रात घातली. तशीच चालवली असती तर फीत फाटली असती, वर यंत्राचं हेडही खराब झालं असतं. या रेघा तेवढ्या राहिल्या.

अक्षता पडताहेत, भटजींचे ओठ हलताहेत, पण ऐकू येतात ती सिनेमाची गाणी. व्हिडिओवाल्याने अख्ख्या कॅसेटवर गाणी चढवली. नानांनी त्या दिवशी काय उखाणा घेतला, ते आता कोणालाच आठवत नाही. त्यामुळे तुम्हा दोघांचा आवाज आम्हाला पहिल्यांदा सापडतो तो पुढच्या फितीत.

[दृश्य: मागचं अंगण, चूल, खापर. कोपऱ्यात तारीख: 1 जानेवारी.]

तारखेवर जाऊ नका. सुरतेच्या काकाच्या हँडीकॅममधलं घड्याळ सेल उतरला की पहिल्या तारखेवर जायचं. अंगणात झोका बांधलाय, पाटीत आंबे आहेत, म्हणजे ही अखाजी, आपली अक्षय्य तृतीया. आणि माझे पुढचे दोन दात पडलेत, म्हणून साल 1998.

अखाजीला लेकी माहेरी येतात. तिन्ही आत्या आल्यात, झोक्यावर गाणी चाललीत. आई मात्र कोणाची तरी वहिनी आहे, म्हणून ती चुलीपाशी. स्वतःच्या माहेरी ती जायची आत्या परत गेल्यावर, तेव्हा तिथले झोके सुटलेले असायचे. हे मला या फितीवरूनच कळलं, घरात कोणी कधी बोललं नाही.

आता आईचे हात बघा. मांड्यासाठी पुरण भरलेला गोळा थापला, मग दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत नेला. कणीक सैल आणि खूप मळलेली असेल तरच ती अशी ताणते, नाहीतर मध्येच भोक पडतं आणि पुरण बाहेर. मग उपड्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. लाटणं कुठेच नाही.

आणि खरी गोष्ट आहे मागे. नाना पऱ्हाट्यांचा भारा आणून टाकतात आणि निघतात. एवढ्यात आईचा आवाज येतो, मांडा जळतोय म्हणून, आपल्या अहिराणीत:

“जाळ कमी करा, मांडा जळी राहिना!”

नाना थबकतात, इकडेतिकडे बघतात. चुलीपाशी पुरुषाचं काय काम? झोक्यावरून मोठी आत्या हसते. नाना वाकतात, दोन काड्या बाहेर ओढतात आणि जवळजवळ पळून जातात. सगळं मिळून सहा-सात सेकंदांचं.

[दृश्य: 2009, मोबाइलची क्लिप, पडद्याच्या मधोमध लहान चौकट.]

हे एवढंसंच दिसेल. माझ्या पहिल्या मोबाइलचं चित्र आहे, मोठं केलं की नुसते चौकोन होतात. पण चुलीसमोर पाटावर बसलेली पांढरी बंडी ओळखू येतेय ना? आता कोणी हसत नाही.

कपाशीच्या पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात. जाळ वाढला की मांडा मधे करपतो आणि कडा कच्च्या राहतात. जाळ उतरला की मांडा खापरावर वाळून पापडासारखा कडक होतो. हात गुंतलेल्या बाईला ते एकटीने सांभाळता येत नाही. नाना खाली एक बाभळीचं लाकूड ठेवतात, टिकून राहणाऱ्या आचेसाठी, आणि मांडा पडायच्या आधी मोजून काड्या सारतात. आवाज खरखरतोय, तरी ऐका:

“देखी राहिनू ना!”

आईने काही सांगितलेलंच नाहीये. ती नुसती खापराकडे बघतेय.

[दृश्य: 2024, स्वच्छ चित्र, नवं घर, गच्चीवर चूल.]

ही यंदाची अखाजी. गॅसवर खापर सारखं तापत नाही, असं आईचं म्हणणं, म्हणून चूल गच्चीवर गेली. नानांना पस्तीस वर्षांनी वाटलं, आपणही एक मांडा करून बघावा. गोळा हातावर घेतला, दोनदा फिरवला, आणि पुरण थेट बंडीवर! आईने वर न बघता सांगितलं, “तुम्ही जाळच देखा.”

नाना मुकाट्याने पाटावर जाऊन बसले. मी कॅमेरा चालूच ठेवला होता, म्हणून सांगतो: त्यानंतरचा मांडा आईने पहिला त्यांनाच वाढला, चुलीपाशीच, आमरसाची वाटी जमिनीवर ठेवून.

[दृश्य थांबतं. हॉलचे दिवे लागतात.]

मंडळी, पंगत मांडलीय. मांडे आज आचाऱ्याने केलेत. आईने सकाळीच एक तोडून पाहिलाय आणि तिचं मत आचाऱ्याला कळवू नये, अशी नानांची विनंती आहे.